फोटोतल्या पायऱ्यांच्या आलेखावरून संभाव्यता कशी वाचायची

साताऱ्यात बारावीची मुलं गणिताची शंका विचारायला हल्ली वही घेऊन येत नाहीत, फोटो पाठवतात. संभाव्यता वितरणाचं प्रकरण सुरू झालं की एका प्रकारचा फोटो हमखास येतो. पायरीपायरीनं वर चढत गेलेला आलेख, खाली ‘P(X = २) किती?’ असा प्रश्न आणि शेजारी पेन्सिलीनं लिहिलेलं उत्तर, ०.७५. आलेख पाहिला तर २ च्या वरची रेघ खरोखरच ०.७५ उंचीवर असते. तरीही उत्तर चूक असतं. ती उंची म्हणजे ‘X ची किंमत २ किंवा त्याहून कमी असण्याची’ संभाव्यता. नेमकी २ असण्याची संभाव्यता हवी असेल, तर २ पाशी रेघ किती वर उडाली ते मोजावं लागतं.

सगळं वाचन या एका फरकावर उभं आहे. पण समोर फोटो असला की आणखी अडचणी येतात. ठिपके पुसट होतात, कागद तिरका असतो, अक्षावरचे आकडे कापले जातात. म्हणून एकच उदाहरण घेऊन सुरुवातीपासून जाऊ.

उदाहरण

वर्गासाठी मी एक प्रश्न रचला होता. कंदी पेढ्याच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक किती पाव किलो पेढे घेतं, ती संख्या म्हणजे X. नुसता भाव विचारून गेलं तर ०, पाव किलो घेतले तर १, अर्धा किलो तर २, एक किलो तर ४, दीड किलो तर ६. पाऊण किलो किंवा सव्वा किलो या प्रश्नात कोणी मागत नाही, त्यामुळे ३ आणि ५ या किमती येतच नाहीत. या X चा संचयी वितरण फलनाचा आलेख फळ्यावर काढला. गैरहजर असलेल्या एका मुलीला मैत्रिणीनं वहीतल्या आलेखाचा फोटो पाठवला आणि तोच फोटो तिनं मला पाठवला.

आलेख असा दिसतो. डावीकडून रेघ शून्यावर चालत येते. ० पाशी ती ०.१५ वर जाते आणि १ पर्यंत सपाट राहते. १ पाशी ०.४० वर जाते, २ पाशी ०.७५ वर. तिथून ४ पर्यंत लांब सपाट रेघ आहे. ४ पाशी ०.९० आणि ६ पाशी १, पुढे ती १ वरच राहते. प्रत्येक सपाट रेघेच्या डाव्या टोकाला भरीव ठिपका आणि उजव्या टोकाला पोकळ ठिपका आहे.

आधी ठिपके पाहा

F(x) म्हणजे P(X ≤ x). या व्याख्येत ‘किंवा बरोबर’ आहे. म्हणून २ पाशी फलनाची किंमत घ्यायची ती उडी मारून झाल्यानंतरची, वरची. भरीव ठिपका वरच्या रेघेच्या सुरुवातीला असतो तो याचसाठी, आणि खालच्या रेघेच्या शेवटी पोकळ ठिपका असतो तोही याचसाठी. तेव्हा F(२) = ०.७५. २ च्या अगदी अलीकडे, म्हणजे १.९ किंवा १.९९९ पाशी, किंमत ०.४० आहे. तिला F(२⁻) असं लिहितात.

मोबाइलवरून पाठवलेला फोटो दाबून लहान केलेला असतो. त्यात पोकळ ठिपक्याचं भोक बुजतं आणि दोन्ही ठिपके सारखेच काळे दिसतात. अशा वेळी ठिपक्यांवर डोळे ताणत बसू नका. व्याख्या P(X ≤ x) असल्याचं प्रश्नात किंवा पुस्तकात दिलं असेल, तर उडीच्या जागी वरचीच किंमत घ्यायची. आपल्याकडच्या बारावीच्या पुस्तकात हीच व्याख्या आहे. रशियन परंपरेतल्या काही पुस्तकांत मात्र F(x) म्हणजे P(X < x) घेतात. तिथे भरीव ठिपका खालच्या रेघेच्या उजव्या टोकाला येतो. अशा आलेखातही उड्यांच्या जागा आणि उंची बदलत नाही, फक्त ‘२ पाशी F किती’ या प्रश्नाचं उत्तर बदलतं. म्हणूनच संभाव्यता उडीवरून काढायची सवय चांगली. व्याख्या कोणतीही असली तरी ती टिकते.

कधी कधी पायऱ्या उभ्या रेघांनी जोडलेल्या असतात आणि ठिपके नसतातच. उभी रेघ दिसायला बरी म्हणून काढलेली असते, तिच्यावरचा मधला कोणताही बिंदू फलनाची किंमत नसतो. ‘२ पाशी रेघ ०.६० मधूनही जाते की’ असं कोणी म्हटलं तर हे सांगायचं. मात्र तिची लांबी म्हणजेच उडी, त्यामुळे मोजायला ती सोयीची आहे.

फोटोतून उंची मोजणं

वहीत चौकटी असतील आणि फोटो सरळ असेल तर मोजपट्टीचीही गरज नाही. नसेल तर फोटो संगणकावर पेंटमध्ये उघडा. माउसचा बाण जिथे असेल तिथला पिक्सेलचा आकडा खालच्या पट्टीत दिसतो. त्यातला दुसरा आकडा उभ्या दिशेचा. तो वरून खाली मोजला जातो, म्हणजे आलेखात जितकं वर जाल तितका तो कमी होतो. चित्र मोठं करून पाहिलं तरी हे आकडे बदलत नाहीत, म्हणून मोठं करूनच मोजा. रेघ जाड असेल तर दर वेळी तिच्या मध्यावर बाण ठेवा. एकदा वरची कड आणि एकदा खालची कड धरली तर चूक तिथेच शिरते.

या फोटोत शून्याची रेघ १४८० वर होती आणि १ ची रेघ २८० वर. म्हणजे एकूण उंची १२०० पिक्सेल. पहिली पायरी १२९८ वर दिसली. १४८० मधून १२९८ वजा केले की १८२ उरतात आणि १८२ भागिले १२०० म्हणजे ०.१५१७. बाकीच्याही अशाच:

| सपाट रेघ | पिक्सेल | काढलेली उंची | धरलेली उंची |
|---|---|---|---|
| ० ते १ | १२९८ | ०.१५१७ | ०.१५ |
| १ ते २ | १००३ | ०.३९७५ | ०.४० |
| २ ते ४ | ५७७ | ०.७५२५ | ०.७५ |
| ४ ते ६ | ४०४ | ०.८९६७ | ०.९० |
| ६ च्या पुढे | २८० | १ | १ |

हातानं बाण ठेवताना पाचेक पिक्सेल इकडेतिकडे होतातच. १२०० मध्ये ५ म्हणजे साधारण ०.००४. पण उडी ही दोन उंचींची वजाबाकी आहे, त्यामुळे तिच्यातली चूक वाईटात वाईट दुप्पट, म्हणजे ०.००८ पर्यंत जाऊ शकते. म्हणून अशा फोटोवरून ‘संभाव्यता ०.३५५० आहे’ असं चार दशांश स्थळांचं उत्तर देण्यात अर्थ नाही.

‘धरलेली उंची’ ठरवताना सरसकट दोन दशांश घेऊ नका. उंच्या ०.१२४, ०.५०२ आणि ०.८७६ अशा आल्या तर त्यांना ०.१२, ०.५० आणि ०.८८ करून टाकलं की प्रश्नच हरवतो. या १/८, ४/८ आणि ७/८ आहेत. तीन नाणी उडवून छापांची संख्या मोजली की पायऱ्या नेमक्या इथेच येतात. प्रश्नातली गोष्ट वाचून छेद कोणता असू शकेल ते आधी पाहा, मग उंची धरा.

अक्षावरचे आकडे फोटोत वाचताच येत नसतील तरी बहुतेक वेळा काम अडत नाही. डावीकडची पहिली सपाट रेघ शून्य असते आणि उजवीकडची शेवटची १. या दोन रेघा फोटोत आल्या असतील तर उभ्या दिशेचं माप मिळालंच. आडव्या दिशेला मात्र असा आधार नाही. उड्या कोणत्या किमतींवर आहेत हे कळायला तिथले निदान दोन आकडे लागतात.

फोटो तिरका असेल तर

फोन नुसता वाकडा धरला असेल, म्हणजे सगळं चित्र थोडं फिरलं असेल, तर ते उलट फिरवून सरळ करता येतं. त्याहून घातक प्रकार म्हणजे फोन कागदाला समांतर न धरता पायथ्याकडून तिरका धरणं. मग कागदाची खालची बाजू रुंद आणि वरची अरुंद दिसते. अक्षावरच्या सारख्या खुणा फोटोत सारख्या अंतरावर राहत नाहीत.

समजा अशा फोटोत ० ते ०.२ हे अंतर २६२ पिक्सेल आहे आणि वर जाताना प्रत्येक टप्पा कमी होत २५१, २४०, २२९ आणि २१८ झाला आहे. बेरीज १२०० च. ०.७५ ची पायरी यात शून्यापासून साधारण ९२५ पिक्सेलवर येईल. सरळ १२०० नं भागलं तर ०.७७ मिळतं. दोन शतांशाची ही चूक बाण हलल्यामुळे झालेली नाही, त्यामुळे पुन्हा पुन्हा मोजलं तरी ती जात नाही.

उपाय सोपा आहे. पूर्ण अक्षाचं माप न घेता पायरीच्या लगतच्या दोन खुणांमध्येच मोजा. ०.६ ची खूण ७५३ वर आहे, ०.८ ची ९८२ वर. पायरी ९२५ वर, म्हणजे २२९ पैकी १७२ पिक्सेल वर, जवळजवळ पाऊण. ०.२ चा पाऊण भाग ०.१५, आणि ०.६ मिळवले की ०.७५.

पायरीची उंची अक्षापर्यंत नेतानाही काळजी घ्या. तिरक्या फोटोत पायऱ्यांच्या रेघा स्क्रीनच्या कडेला समांतर नसतात. म्हणून पायरीपासून स्क्रीनवर आडवी रेघ ओढून अक्ष गाठायचा नाही. पायरीचीच रेघ पट्टी ठेवून डावीकडे वाढवायची. कॅमेऱ्यानं सरळ रेघ सरळच राहते, त्यामुळे वाढवलेली रेघ अक्षावर योग्य जागीच लागते. जाड पुस्तकाच्या शिवणीजवळ पान वाकलेलं असेल तर मात्र सरळ रेघही वाकते. तिथे आकडेमोड करत बसण्यापेक्षा पान दाबून धरून नवा फोटो मागवलेला बरा.

उड्या आणि मधल्या संभाव्यता

आता वजाबाकी. ० पाशी ०.१५ − ० = ०.१५. १ पाशी ०.४० − ०.१५ = ०.२५. २ पाशी ०.७५ − ०.४० = ०.३५. ४ पाशी ०.९० − ०.७५ = ०.१५. ६ पाशी १ − ०.९० = ०.१०. हेच X चं संभाव्यता वितरण. पहिली उडी मुलं हमखास विसरतात, कारण ती अक्षालाच चिकटलेली असते आणि शून्याची रेघ अक्षाखाली लपते.

त्या मुलीनं विचारलं, “सर, तीनवर रेघ ०.७५ ला आहे. मग P(X = ३) शून्य कशी?” प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे. ३ पाशी रेघ सपाट आहे, उडी नाही. ३ किंवा त्याहून कमी पाव घेणाऱ्यांत २ पर्यंत घेणारेच आहेत, नवं कोणी आलेलं नाही. सपाट रेघ सांगते ते एवढंच: या टप्प्यात X ची किंमत येत नाही. म्हणून F(३) = ०.७५ आणि P(X = ३) = ०, दोन्ही एकाच वेळी खरं. F(३.५) सुद्धा ०.७५ च. साडेतीन पाव किलो कोणी घेत नसलं तरी हा प्रश्न निरर्थक नाही.

‘१ आणि ४ च्या मधे’ अशा प्रश्नांत सगळा खेळ टोकांचा असतो. सलग वितरणात टोक धरलं काय न धरलं काय, फरक पडत नाही. पायऱ्यांच्या आलेखात पडतो, आणि मोठा पडतो. P(१ < X ≤ ४) हवी असेल तर F(४) − F(१), म्हणजे ०.९० − ०.४० = ०.५०. १ धरायचा असेल, P(१ ≤ X ≤ ४), तर १ ची उडीही आत घ्यावी लागते. म्हणून वजा करायची ती १ च्या अलीकडची उंची: ०.९० − ०.१५ = ०.७५. ४ सोडायचा असेल, P(१ ≤ X < ४), तर ४ च्या अलीकडची उंची घ्यायची: ०.७५ − ०.१५ = ०.६०. दोन्ही टोकं सोडली, P(१ < X < ४), तर ०.७५ − ०.४० = ०.३५, म्हणजे एकट्या २ ची उडी. एकाच आलेखावर, त्याच दोन आकड्यांसाठी चार वेगळी उत्तरं. सूत्र पाठ करण्यापेक्षा फोटोवर बोट ठेवून विचारा की कोणत्या उड्या आत येतात आणि कोणत्या बाहेर राहतात, आणि आतल्यांची बेरीज करा. ‘निदान अर्धा किलो’ म्हणजे P(X ≥ २). इथे २, ४ आणि ६ च्या उड्या, एकूण ०.६०. इथे १ − F(२) केलं तर ०.२५ येतं, ते ‘अर्ध्या किलोपेक्षा जास्त’चं उत्तर.

ताळा कसा करायचा

बहुतेक जण उड्यांची बेरीज करतात, १ आली की निश्चिंत होतात. या ताळ्यावर विसंबू नका. समजा तुम्ही ०.७५ ची पायरी चुकून ०.७० वाचली. २ ची उडी ०.३० होईल, ४ ची ०.२० होईल, बेरीज तरीही १ च. मधली कोणतीही उंची चुकली तर एक उडी जितकी घटते तितकीच पुढची वाढते. ० पासून १ पर्यंतच्या वजाबाक्यांची बेरीज १ येणारच. त्यातून फक्त वजाबाकीतली चूक सापडते, वाचनातली नाही.

वाचनाचा खरा ताळा म्हणजे उडी थेट मोजणं. २ पाशी १००३ आणि ५७७ मधलं अंतर ४२६ पिक्सेल, भागिले १२००, ०.३५५. ०.३५ शी जुळतं. ०.३० असती तर ३६० पिक्सेल दिसायला हवे होते. दुसरा उपाय म्हणजे वाचलेले आकडे घेऊन आलेख पुन्हा काढायचा आणि फोटोशेजारी ठेवायचा. संगणक हाताशी असेल तर एवढं पुरतं:

```python
import matplotlib.pyplot as plt
x = [-1, 0, 1, 2, 4, 6, 7]
F = [0, 0.15, 0.40, 0.75, 0.90, 1, 1]
plt.step(x, F, where="post")
plt.show()
```

यातलं `where="post"` गाळू नका. ते गाळलं तर हा प्रोग्राम प्रत्येक उडी एक किंमत आधीच दाखवतो. ०.७५ वर जाणारी उडी २ ऐवजी १ पाशी दिसते. नोट्समधले कित्येक आलेख असेच काढलेले असतात. ओळखायचं कसं? असा आलेख ६ च्या ऐवजी ४ पाशीच १ गाठतो. शिवाय मूळ यादीत डावीकडचा शून्याचा बिंदू नसेल तर रेघ शून्यावरून न येता ०.१५ वर अधांतरी सुरू होते. X ची सर्वांत मोठी किंमत प्रश्नातून माहीत असेल आणि आलेख तिच्या आधीच १ वर पोहोचत असेल, तर उड्यांच्या जागांवर विश्वास ठेवू नये.

सरासरीही फोटोवरूनच काढता येते. X च्या किमती शून्य किंवा जास्त असतील, तर ० च्या उजवीकडे १ ची आडवी रेघ आणि पायऱ्या यांच्या मधलं क्षेत्रफळ म्हणजेच सरासरी. ० ते १ मध्ये उंची ०.८५ उरते, १ ते २ मध्ये ०.६०, २ ते ४ मध्ये ०.२५ गुणिले २ म्हणजे ०.५०, ४ ते ६ मध्ये ०.१० गुणिले २ म्हणजे ०.२०. बेरीज २.१५. किमतीला उडीनं गुणून केलं तरी ०.२५ + ०.७० + ०.६० + ०.६० = २.१५. एका गिऱ्हाइकामागे सव्वादोन पावांना थोडे कमी. दोन्हींकडे वाचलेले आकडे तेच असल्यानं वाचनाची चूक इथेही सापडत नाही. पण एखादी सपाट रेघ किती लांब आहे हे विसरलात, म्हणजे २ ते ४ हा टप्पा एकच धरलात, तर उत्तरं वेगळी येतात.

आलेख प्रत्यक्ष नोंदींवरून काढलेला असेल तर आणखी एक आधार मिळतो. नोंदी २० असतील तर प्रत्येक उडी १/२० च्या पटीतच असणार. आपल्या उड्या अनुक्रमे ३, ५, ७, ३ आणि २ विसांश आहेत, बेरीज २०. नोंदी २० असल्याचं माहीत असताना एखादी उडी ०.१७ आली तर ती वाचायला चुकली हे नक्की, कारण वीस गिऱ्हाइकांत तसा भाग पडत नाही. उलट दिशेनं मात्र जाता येत नाही. हाच आलेख ४० किंवा ६० नोंदींचाही असू शकतो, आणि गिऱ्हाइकं कोणत्या क्रमानं आली ते यात कुठेच नसतं.